मध्यरात्रीला पासष्ट तास

रविवार, २२ मार्च २०२०. सकाळी ७. पासष्ट तास बाकी.

जनता कर्फ्यू सुरू झाला. पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण ९ मार्चला सापडले होते, त्यामुळे जिल्हा धास्तावलेलाच होता. पुणे-नगर रस्त्यावरचं कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरचं यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ हे दोन्ही पट्टे त्या सकाळी थांबले. शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके. मधून भीमा वाहते आणि न्हावरे-चौफुला रस्ता पारगावच्या पुलावरून दोघांना जोडतो. बारमाही ऊस, साखर कारखाने, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या, औद्योगिक वसाहती. या सगळ्यांवर राबणारी माणसं बहुतेक बाहेरची. फडात बीड-नगरकडचे ऊसतोड मजूर, गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातले कारागीर, एमआयडीसीतल्या खोल्यांत चौघे-पाचजण मिळून राहणारी तरुण पोरं.

यांचं रेशनकार्ड गावी असतं. आठवड्याला किंवा पंधरवड्याला हातात पैसे येतात आणि त्यातून बाजार होतो. महिन्याचा किराणा भरून ठेवलेलं घर यांच्यात क्वचित सापडतं. मदतीचं कोणतंही अंदाजपत्रक इथूनच सुरू व्हायला हवं : घरातलं पीठ किती दिवस पुरेल?

रविवार, रात्री ९. एक्कावन्न तास बाकी.

रेल्वेने प्रवासी गाड्या ३१ मार्चपर्यंत बंद केल्याचं दिवसभरात जाहीर झालं होतं. दौंड हे मोठं जंक्शन. गुऱ्हाळावरचा माणूस गावी जातो तो इथूनच गाडी धरून. ती वाट बंद झाली तेव्हाच एक गोष्ट ठरून गेली : जे आहेत ते इथंच राहणार आणि त्यांना इथंच खायला लागणार.

त्याच रात्री कुणी कागद घेऊन बसलं असतं तर एक्कावन्न तास हाताशी होते. दोन्ही तालुक्यांत नंतर ज्यांनी मदत केली, त्यातल्या बहुतेकांनी कागद काढला तो मध्यरात्र उलटून गेल्यावर. मी पुढे जो आकडेमोडीचा नमुना मांडतो आहे तो एका कल्पित गटाचा आहे : दोन्ही तालुक्यांत मिळून चोवीस वस्त्या, सहाशे कुटुंबं, दर कुटुंबात चार माणसं. भाव हिशेबासाठी धरलेले आहेत. तारखा आणि सरकारी निर्णय मात्र खरे आहेत.

सोमवार, २३ मार्च. संध्याकाळ. सुमारे तीस तास बाकी.

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यभर संचारबंदी लावली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या. शिरूर आणि दौंडसाठी या दुसऱ्या निर्णयाचा अर्थ वेगळा होता. शिरूर घोड नदीकाठी, अगदी नगर जिल्ह्याच्या हद्दीवर. दौंडच्या भीमेपलीकडे श्रीगोंदा. पलीकडच्या गावांची बाजारपेठ अलीकडे, अलीकडच्या फडातले मजूर पलीकडचे. सीमा बंद झाल्यावर बीडच्या टोळीला घरी जायचं तर मधला अख्खा नगर जिल्हा आडवा आला.

आता मोजदाद. ऊसतोडीत मोजणी कोयत्यावर चालते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारण उचल त्या जोडीवर दिलेली असते. मुकादमाला फोन केला की तो म्हणतो, “वीस कोयते आहेत.” घाईत आपण वहीत लिहितो चाळीस माणसं. पण खोपीत मुलं असतात, कधी म्हातारी आई असते. प्रत्येक खोपीत एकच मूल धरलं तरी ती साठ माणसं होतात, म्हणजे खरा आकडा आपल्या आकड्याच्या दीडपट निघाला. म्हणून फोनवर विचारायचं ते “कोयते किती?” एवढंच नाही. “चुली किती, आणि लहान-मोठी मिळून जेवणारी तोंडं किती?” असं विचारायचं. चुली मोजल्या की कुटुंबं कळतात, तोंडं मोजली की पोतं कळतं.

टोळीबरोबर बैलही असतात. बैलगाडीवाल्यांच्या बैलांचं पोट उसाच्या वाढ्यांवर चालतं. तोड थांबली की वाढेही थांबतात. शिधा पोचला आणि चारा नाही पोचला, तर गाडीवान शिधा विकून चारा आणतो, कारण बैल गेला तर त्याचा पुढचा हंगाम गेला. माणसांसाठी केलेल्या अंदाजपत्रकात बैलांची ओळ नसणं ही फार महाग पडणारी चूक आहे.

मंगळवार, २४ मार्च. दुपार. दहा तास बाकी.

शिध्याचा संच ठरवायला एक साधं माप आहे. आपत्तीतल्या मदतीत माणशी रोज २१०० कॅलरी धरतात. ४५० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल आणि थोडी साखर मिळून साधारण तिथपर्यंत पोचता येतं. चार माणसं, चौदा दिवस, म्हणजे छप्पन्न माणूस-दिवस. त्याने गुणलं की २५ किलो धान्य, साडेतीन किलो डाळ, दीड लिटर तेल, एक किलो साखर.

धान्यात पंधरा किलो आटा ३० रुपयांनी ४५० रुपये, दहा किलो तांदूळ ३८ ने ३८०. तूरडाळ शंभराच्या भावाने ३५०. तेल १६५, साखर ४०, मीठ २०, तिखट-हळद ६०, चहापूड ६०, अंगाचा आणि कपड्यांचा साबण मिळून ७५. बेरीज १६०० रुपये.

धान्याऐवजी आटा का, असं कुणी विचारेल. गहू स्वस्त पडतो, पण संचारबंदीत चक्की उघडी असेल का आणि तिथवर जाऊ देतील का, याची खात्री नव्हती. खोपीत गव्हाचं पोतं असून पोट भरत नाही.

हा दर बरोबर आहे की नाही हे झटकन पडताळायचं तर शेजारी सरकारी दर ठेवून बघायचा. त्या वेळच्या आपत्ती निधीच्या निकषात मोफत मदतीसाठी मोठ्या माणसाला रोज ६० आणि मुलाला ४५ रुपये होते. शिवभोजन थाळीचा ग्रामीण भागातला खर्च सरकारने ३५ रुपये धरला होता, म्हणजे दोन वेळचे ७०. आपला कोरडा शिधा माणशी रोज साडेअठ्ठावीस रुपयांना पडतो. निम्म्याहून कमी, म्हणजे वेडावाकडा नाही. पण तो स्वस्त आहे कारण सरपण किंवा गॅस, भांडी आणि रांधणाऱ्या बाईचा वेळ आपण त्यात धरलेला नाही. ज्या खोलीत स्टोव्हच नाही तिथे हा दर लागू होत नाही. रांजणगाव, सणसवाडीच्या खोल्यांतली जी पोरं खानावळीत जेवत होती, त्यांच्यासाठी शिजवलेल्या अन्नाची वेगळी ओळ हवी, आणि ती दुप्पट दराची असणार हे पहिल्याच दिवशी मान्य करायला हवं.

मंगळवार, संध्याकाळी ६. सहा तास बाकी.

इथे घाईतली सगळ्यात मोठी चूक होते. सहाशे गुणिले सोळाशे म्हणजे नऊ लाख साठ हजार, आणि तेवढ्या मदतीचं आवाहन बाहेर पडतं. पण शिधा वस्तीवर चालत जात नाही. एका संचाचं वजन साधारण ३३ किलो. एका पिकअपमध्ये चाळीस संच धरले तर सहाशेंसाठी पंधरा खेपा, तेही गाडी प्रत्येक वेळी पूर्ण भरली तर. नदीकाठच्या एखाद्या भट्टीवर बाराच चुली असतात, आणि तिथे जायला गाडी, डिझेल, चालक तेवढेच लागतात जेवढे शंभर खोल्यांच्या चाळीला. म्हणून वाहतूक संचावर मोजायची नाही, खेपेवर मोजायची. अठरा खेपा धरू, खेपेला अडीच हजार, म्हणजे ४५ हजार. भराईच्या पिशव्या आणि हमाली संचामागे तीस, म्हणजे १८ हजार. गोदाम ८ हजार. वाटप करणाऱ्यांसाठी मास्क, सॅनिटायझर, छापील याद्या आणि किरकोळ मिळून १२ हजार. आतापर्यंत १० लाख ४३ हजार. त्यावर भाववाढीसाठी दहा टक्के, १ लाख ४ हजार ३००. एकूण ११ लाख ४७ हजार ३०० रुपये, चारा आणि शिजवलेलं अन्न यांच्या वेगळ्या ओळी सोडून.

म्हणजे एका कुटुंबाचा खरा खर्च १९१२. ज्याने सोळाशेच्या दराने नऊ लाख साठ हजार गोळा केले त्याला सहाशे कुटुंबांपर्यंत पोचताच येत नाही. पाचशेच्या आसपास त्याचे पैसे संपतात. आणि उरलेली शंभर कुटुंबं कोणती असतात? जी सगळ्यात लांब, आडवाटेला आहेत ती, कारण त्यांच्याकडे आपण सगळ्यात शेवटी जातो. दर कमी धरल्याची किंमत नेहमी त्यांनाच मोजावी लागते. ज्याला दर लावायचा आहे त्याने १९१२ चा लावावा आणि देणगीदाराला तो दर उघड सांगावा. “वाहतुकीला कशाला पैसे?” हा प्रश्न येतो, तेव्हा नकाशावरची भट्टी दाखवावी.

मंगळवार, रात्री ८. चार तास बाकी.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी रात्री बारापासून एकवीस दिवस देशभर टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. कोणती दुकानं उघडी राहतील याची यादी गृह मंत्रालयाने नंतर काढली, पण तोवर लोक किराणा दुकानांसमोर जमले होते.

या चार तासांत अंदाजपत्रक करणाऱ्याने काय करायचं? भाव विचारत बसायचं नाही. ठोक व्यापाऱ्याला पहिला प्रश्न “पोती किती आहेत?” आणि दुसरा “किती माझ्या नावावर बाजूला ठेवता?” भाव उद्या दोन रुपयांनी वाढेल, त्यासाठी आपण दहा टक्के धरलेत. पण साठाच नसेल तर कागदावरचा प्रत्येक दर पोकळ ठरतो. दोन तालुक्यांत दोन वेगळे व्यापारी धरायचे, म्हणजे पारगावच्या पुलावर नाकाबंदी लागली तरी एका बाजूचं वाटप चालू राहतं. याच कारणाने परवानेही दोन लागतात. शिरूरचे तहसीलदार वेगळे, दौंडचे वेगळे. गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव, मालाचा प्रकार आणि मार्ग हे चारही अर्जात आधीच भरून ठेवले तर सकाळचा अर्धा दिवस वाचतो.

रात्री ११. एक तास बाकी.

आता कागदाकडे पुन्हा बघायचं आणि प्रत्येक आकड्यापुढे एकच शब्द लिहायचा : “खात्री” किंवा “अंदाज”. आट्याचा भाव खात्री. खेपेचं भाडं खात्री. सहाशे कुटुंबं अंदाज. चार माणसं अंदाज. सगळ्यात धोक्याचा अंदाज मात्र कागदावर दिसतच नाही. टाळेबंदी एकवीस दिवसांची आणि आपला शिधा चौदा दिवसांचा. मधला एक आठवडा घरातल्या पिठावर आणि दुकानदाराच्या उधारीवर निघेल, असं आपण न बोलता धरलं आहे. ते वाक्य स्पष्ट लिहावं लागतं. लिहिलं की पटकन कळतं : खोपीतल्या बाईला उधारी देणारं दुकान फडाजवळ असतं, ती आता फडावर नाही. गुऱ्हाळमालक उधारी देतो, पण गुऱ्हाळच बंद असेल तर कशाच्या भरवशावर देणार?

बुधवार, २५ मार्च. रात्री १२.

टाळेबंदी लागू झाली. मुळातले पासष्ट तास संपले. इथून दुसरी मोजणी सुरू होते, ती डब्यातल्या पिठाची. एखाद्या घरी चार दिवस, एखाद्या घरी आठ.

म्हणूनच पहिल्या फेरीत चौदा दिवसांचा संच एकदम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सात दिवसांचा द्यावा. वजन निम्मं होतं, त्याच गाडीत दुप्पट कुटुंबांचा माल मावतो आणि पहिल्या तीन दिवसांत चोवीसही वस्त्यांना काही ना काही पोचतं. वाहतूक आपल्या अंदाजपत्रकात जेमतेम चार टक्के आहे. खेपा दुप्पट झाल्या तरी एकूण खर्च चार टक्क्यांनीच वाढतो. त्या चार टक्क्यांत चूक सुधारायची दुसरी संधी विकत मिळते. पहिल्या फेरीत कळतं की अमुक भट्टीवर बारा नाही, एकोणीस चुली आहेत. चौदा दिवसांचा माल आधीच वाटून बसलो तर ते कळून उपयोग नसतो.

वाटताना यादीवर सही किंवा अंगठा घेण्याऐवजी वस्तीतल्या दोन माणसांनी मोठ्याने नावं वाचून खुणा करायच्या. संसर्गाच्या काळात एकाच शाईपट्टीवर पन्नास अंगठे नकोत. पोलीस पाटील आणि ग्रामसेवक हजर असले तर बरं, पण यादी त्यांच्या एकट्याच्या माहितीवर करू नये. गावच्या मतदारयादीत नसलेली माणसं गावच्या नजरेतूनही सुटतात.

शनिवार, २८ मार्च. बहात्तर तास उलटून गेले.

पहिली दुरुस्ती इथे करायची असते. ही तारीख वाटप सुरू होण्याआधीच कागदावर लिहिलेली असावी, नाहीतर ती कधीच येत नाही. माथ्यावर आवृत्ती क्रमांक, तारीख आणि वेळ. एक आवृत्ती निघाली की आधीची बाद, हे सगळ्यांना कळवलेलं. दुरुस्तीला कारणं तीनच ठेवावीत : एखाद्या वस्तूचा भाव दहा टक्क्यांहून जास्त हलला, कुटुंबांची संख्या दहा टक्क्यांहून जास्त बदलली किंवा दिवस वाढले.

याशिवाय बघायचं ते सरकारकडून काय आलं. केंद्राने २६ मार्चला माणशी पाच किलो धान्य तीन महिने मोफत देण्याचं जाहीर केलं होतं, पण ते अन्नसुरक्षा कार्डधारकांना. २८ तारखेला राज्य आपत्ती निधीतून स्थलांतरितांच्या अन्न-निवाऱ्यावर खर्च करायला परवानगी मिळाली. पहिल्या निर्णयाने आपल्या यादीतली माणसं कमी होत नाहीत, कारण त्यांची कार्डं दुसरीकडे आहेत. दुसऱ्याने होऊ शकतात, पण पैसे तालुक्यापर्यंत उतरून निवारा प्रत्यक्ष उघडल्यावरच. घोषणा ऐकून कुणाचं नाव खोडायचं नाही. ताटात पडल्यावर खोडायचं.

मंगळवार, १४ एप्रिल. सकाळी १०.

टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली. आणखी एकोणीस दिवस. मग १७ एप्रिलला राज्य सरकारने ठरवलं की चौदा दिवस पूर्ण झालेल्या आणि तपासणी झालेल्या ऊसतोड मजुरांना गावी पाठवायचं. आपल्या नमुन्यात समजा सहाशेंपैकी दोनशे वीस कुटुंबं अशी निघाली. उरली तीनशे ऐंशी. पण तोपर्यंत एमआयडीसीतल्या खोल्यांत साठवलेले पैसे संपले होते. आधी “आम्हाला नको, दुसऱ्याला द्या” म्हणणारे आता फोन करू लागले असं धरू, आणखी दीडशे. एकूण पाचशे तीस. चौदा दिवसांचे १९१२ म्हणजे कुटुंबामागे दिवसाला १३७ रुपये. पाचशे तीस गुणिले एकोणीस गुणिले १३७ म्हणजे तेरा लाख ऐंशी हजारांच्या जवळ. कुटुंबं सत्तरने घटली आणि खर्च सव्वादोन लाखांहून जास्त वाढला. ज्याने दर दिवसावर काढलेला नव्हता त्याला हा आकडा तेव्हा दहा मिनिटांत देता आला नसता, आणि देणगीदाराचा उत्साह ओसरायच्या आत तो द्यायलाच हवा होता. निघणाऱ्या टोळ्यांसाठी वाटेच्या दोन दिवसांची शिदोरी आणि बैलांचा चारा ही ओळ वेगळी.

श्रमिक रेल्वे १ मेपासून सुटू लागल्या. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना दोन महिने माणशी पाच किलो धान्य देण्याची केंद्राची घोषणा १४ मेला झाली, टाळेबंदी लागल्यापासून सात आठवड्यांनी. तोवर या माणसांचं जेवण स्थानिक मदतीवर आणि घाईत केलेल्या अशाच कागदांवर चाललं.

दर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर-दौंडच्या फडांत टोळ्या उतरतात, गुऱ्हाळं पेटतात, भट्ट्या लागतात. त्याच आठवड्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने चुली, तोंडं, बैल आणि वस्तीपर्यंतचा रस्ता एवढ्या चार गोष्टी एका पानावर लिहून तहसील कचेरीत द्याव्यात. आपल्या गावाने हे पान भरलं आहे का, हे येत्या ग्रामसभेत विचारा.